मौन सुरू झाल्यावर विचारता येत नाही

*ताई, नमस्कार. वाईजवळ आमच्या शेतावर मी आणि माझे यजमान दर जानेवारीत पाच दिवसांचं निवासी योगशिबिर घेतो. सोळा ते अठरा जण येतात. बुधवारी दुपारी येणं, रविवारी दुपारी जाणं, तिसऱ्या दिवशी पूर्ण मौन. गेल्या वर्षी तीन पानांची पीडीएफ पाठवली होती, तरी गोंधळ झालाच. एक बाई रात्री पावणेनऊला पोचल्या. मौन सुरू झालं होतं, कुणी बोलेना, त्या घाबरल्या आणि सकाळी उठून निघून गेल्या. मौनाच्या दिवशी दोघांची डोकी इतकी दुखली की ‘आम्हाला हे मौन झेपत नाही’ म्हणून तेही परत गेले. या वेळी वेळापत्रक, मौन, जेवणाच्या वेळा आणि सोबत काय आणायचं हे सांगणारा एकच नीट संदेश पाठवायचा आहे. कसा लिहू?*
*– एक योगशिक्षिका, वाई*

नमस्कार.

एकच संदेश नको, दोन पाठवा. एक दहा दिवस आधी आणि दुसरा येण्याच्या आदल्या संध्याकाळी. ‘गरम शाल आणा’ हे वाक्य सुरूर फाट्यावर गाडीत वाचून कुणाच्या उपयोगाचं नाही, आणि दहा दिवसांपूर्वी सांगितलेला रस्ता त्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. ज्याची तयारी घरी करायची ते सगळं पहिल्या संदेशात जाऊ दे. दुसऱ्यात फक्त पोचणं आणि पहिली रात्र.

दोन्ही लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा: हे मी आत्ता सांगितलं नाही, तर माणसाला ते कधी लागेल आणि तेव्हा त्याला विचारता येईल का? इतर कुठल्याही शिबिरात सांगायचं राहिलेलं माणूस नंतर विचारून घेतं. तुमच्याकडे रात्री साडेआठनंतर ती सोय नसते. गेल्या वर्षीच्या त्या बाईंना कुणी वाईट वागवलं नाही. पण अंधार, अनोळखी जागा आणि समोरची माणसं बघून न बघितल्यासारखं करणारी. संडास कुठे आहे हेसुद्धा त्यांना विचारता आलं नसेल. म्हणून रोज रात्री एक माणूस मौनाच्या बाहेर ठेवा. त्याचं नाव संदेशात लिहा आणि तो कुठे बसतो तेही. तुमचे यजमान ओसरीवर बसणार असतील तर तसंच लिहा: ‘ओसरीवर दिवा लागलेला असेल, तिथे बसलेल्या माणसाशी केव्हाही बोलायला हरकत नाही.’

आता त्या दोघांच्या डोकेदुखीबद्दल. मला ती मौनाची वाटत नाही, चहाची वाटते. हिशोब करून बघा. बुधवारी दुपारी वाटेत शेवटचा चहा झाला. रोज चार-पाच कप पिणाऱ्या माणसाचा चहा एकदम तुटला की डोकं साधारण बारा ते चोवीस तासांत धरायला लागतं आणि पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त ठणकतं. म्हणजे गुरुवारी कुरकुर सुरू आणि शुक्रवारी कहर. तुमचं पूर्ण मौन नेमकं शुक्रवारी आहे. माणूस दिवसभर गप्प बसलेला, लक्ष वळवायला काही नाही, अंगात मरगळ, चिडचिड, कपाळ फुटतंय. तो मौनालाच दोष देणार. ओळखायची खूण सोपी आहे: दुखणं बहुधा दोन्ही बाजूंनी, जड आणि ठणकणारं असतं, सोबत जांभया येतात, आणि अर्धा कप चहा दिला की तासाभरात बरंच उतरतं. चहा देऊनही उतरलं नाही, उलटी झाली, मान आखडली किंवा नजर धूसर झाली, तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करा. पहिल्या संदेशात लिहा की आजपासून दर दोन दिवसांनी एक कप कमी करत या. पाच कपांवाला दहा दिवसांत शून्यावर येतो. आणि शिबिरात न्याहारीला अर्धा कप चहा ठेवा, ज्याला हवा त्याला. काही शिक्षकांना हे पटत नाही, मला माहीत आहे. पण चहा सोडवणं हा पाच दिवसांच्या शिबिराचा विषय नाही. ज्याचं डोकं फुटतंय त्याला तुम्ही प्राणायाम काय शिकवणार?

मौनाबद्दल लिहिताना ‘तिसऱ्या दिवशी पूर्ण मौन’ असं लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं, शुक्रवारी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. प्रत्यक्षात रोजचं रात्रीचं मौन त्याला दोन्हीकडून जोडलं जातं. तुमचं रात्रीचं मौन साडेआठला सुरू होऊन न्याहारीनंतर पावणेनऊला सुटत असेल, तर पूर्ण मौन गुरुवारी रात्री साडेआठपासून शनिवारी सकाळी पावणेनऊपर्यंत चालतं. म्हणजे छत्तीस तासांहून थोडं जास्त. ज्या आईचं सात वर्षांचं मूल घरी आहे, तिला हा आकडा आधी कळायला हवा. तो तिला गुरुवारी रात्री कळला तर रात्रभर झोप लागणार नाही. म्हणून वार आणि वेळ लिहा, ‘तिसरा दिवस’ हा शब्दच वापरू नका.

तिच्यासाठी आणखी एक करा. घरच्यांना पाठवायचा मजकूर तुम्हीच तयार करून द्या, म्हणजे तिला तो फक्त पुढे ढकलायचा उरेल. तो पाहिला की नवरा शुक्रवारी दुपारी ‘फोन का उचलत नाहीस’ म्हणून घाबरत नाही, आणि खरंच काही झालं तर कुणाला फोन करायचा तेही घरात माहीत असतं.

मौन म्हणजे नक्की काय, तेही दोन वाक्यांत सांगा. फोनवर लिहिणं मौनात बसतं का? खाणाखुणा चालतात का? माझ्याकडे दोन्ही चालत नाहीत, कारण खुणांनी बोलणारी माणसं तोंडाने बोलण्यापेक्षा जास्त दमतात. तुमचं वेगळं असेल तर वेगळं लिहा, पण लिहा. स्वयंपाकघराच्या दाराशी एक वही आणि पेन बांधून ठेवा. ‘खोलीत गरम पाणी येत नाही’, ‘शेजारच्या घोरतात, मला दुसरीकडे झोपायचं आहे’ हे त्या वहीत येतं आणि कुणाचं मौन मोडत नाही. ज्यांना नैराश्य किंवा घबराटीसाठी उपचार चालू आहेत, किंवा घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला आहे, त्यांनी मौनाबद्दल तुमच्याशी आधी फोनवर बोलावं, असंही लिहा. अशा काहींना छत्तीस तास फार होतात. त्यांनी रात्रीचं मौन पाळलं तरी पुष्कळ.

आता जेवणाच्या वेळा. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण ती शिबिरात नव्हे, संदेशातच झाली होती.

काही वर्षांपूर्वी माझ्या शिबिरात बासष्ट वर्षांचे एक काका आले. मधुमेह होता. साखर उतरवणारी गोळी ते घरी सकाळी साडेसातला घेत आणि लगेच पोहे-उपमा खात. माझ्या संदेशात होतं: ‘घंटा ५:१५, संध्याकाळचं जेवण ६:३०, न्याहारी ८:००.’ त्याखाली आणखी एक ओळ होती: ‘खाण्याचे कोणतेही पदार्थ सोबत आणू नयेत.’ काका शिस्तीचे. त्यांनी खिशातला बिस्किटांचा पुडा घरी ठेवला. गोळी त्यांच्या डोक्यात ‘सकाळची गोळी’ होती, म्हणून घंटा झाल्यावर पावणेसहाच्या आधी घेऊन टाकली. रात्रीच्या जेवणाला तेव्हा जवळजवळ अकरा तास झाले होते, पुढे सव्वादोन तास पोटात काही नाही, आणि त्यात दीड तास आसनं.

सातच्या सुमारास ते थरथरायला लागले. जानेवारीची पहाट, सगळ्यांनाच थंडी वाजत होती, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. काका बोलले नाहीत, कारण मौन होतं. माझ्या मदतनीस मुलीने पाहिलं की त्यांना घोंगडीची घडी घालता येत नाही. तीन वेळा घातली, तीन वेळा सुटली, आणि इतक्या थंडीत कपाळावर घाम. तिने बोट टोचून साखर पाहिली तर ५४. सत्तरच्या खाली गेली की ती कमीच धरतात. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत पाहिली, ८१ झाली होती, मग न्याहारी दिली. काका ठीक झाले. त्या दिवसापासून ती ओळ माझ्या संदेशातून गेली.

तुमच्या वेळापत्रकातही संध्याकाळी साडेसहा ते सकाळी आठ हे साडेतेरा तासांचं अंतर असेल, आणि ते असायलाच हवं. लवकर जेवण का, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जेवण आणि आसनं यांत तीन-साडेतीन तास हवेत, आणि क्रिया तर रिकाम्या पोटीच करायच्या. पण पुण्या-मुंबईत रात्री नऊला जेवणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे, म्हणून अंतर आकड्यात लिहा. ‘साडेतेरा तास’ हा शब्द वाचला की मधुमेही माणूस थांबतो. त्यापुढे असं लिहा: साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांना दाखवून कोणती गोळी किती वाजता घ्यायची ते लिहून आणावं. तुम्ही स्वतः वेळ बदलून देऊ नका, डोस तर नाहीच. थायरॉइडची गोळी घंटेला साध्या पाण्याबरोबर चालते, कारण तीच मुळात रिकाम्या पोटी घ्यायची असते. जेवणाच्या तोंडावर घ्यायच्या गोळीचं नेमकं उलट. ‘सकाळची’ हा शब्द दोघींना लागतो, घोटाळा तिथेच होतो.

आणि खाऊ आणू नका हे सांगायचं असेल तर कारणासकट सांगा. तुमच्या भागात माकडं आहेत, खोलीत चिवडा ठेवला तर ती दार वाजवणारच. पण मधुमेह्यांनी ग्लुकोजची पुडी उशाशी ठेवायचीच, हा अपवाद त्याच वाक्यात हवा. दोन ओळी खाली लिहिलेला अपवाद शिस्तीचा माणूस वाचत नाही.

जेवणात काय असेल त्याचीही नावं लिहा. ‘सात्त्विक आहार’ म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. नाचणीची आंबील, मुगाची खिचडी, भाकरी, भाजी, ताक असं लिहिलं की येतं. आणि गुरुवार-शनिवारचे उपास करणारे कोण, हे आधी विचारून घ्या. तुमच्या पाच दिवसांत दोन्ही वार येतात. उपासाची साबुदाण्याची खिचडी खाऊन संध्याकाळी आसनं जमत नाहीत, त्यांना राजगिरा आणि फळं बरी.

सामानाची यादी छोटी ठेवा. वीस वस्तू लिहिल्या की त्यातली शालच राहते. जानेवारीत वाईला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे घंटेपासून दीडेक तास अंधार. विजेरी हवीच, आणि ती मोबाइलची नको, कारण मोबाइल तुम्ही काढून घेणार आहात. हे दोन नियम एकमेकांशी भांडतात आणि लोक त्यातून फोन जवळ ठेवायचं निमित्त काढतात. कानटोपी, जाड शाल, पायमोजे आसनांसाठी नाहीत, शवासनासाठी आहेत: दीड तास आसनं करून घामेजलेलं अंग थंड फरशीवर पडलं की दहा मिनिटांत गारठतं. नेतीपात्र तुम्ही देणार असाल तर लिहा की देणार आहात, नाहीतर निम्मे लोक बाजारातून प्लास्टिकचं घेऊन येतील. नेतीचं पाणी उकळून कोमट केलेलं, मिठासकट तुमच्याकडूनच द्या, ते त्यांच्यावर सोडू नका.

मी पहिला संदेश असा लिहीन. तुमच्या वेळा वेगळ्या असतील तर बदला.

*नमस्कार. पुढच्या बुधवारी नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी आपण भेटतोय. आजपासून करायच्या तीन गोष्टी:*

*चहा-कॉफी दर दोन दिवसांनी एक कप कमी करा. एकदम तोडली तर शिबिरात डोकं दुखतं. न्याहारीला अर्धा कप चहा मिळेल.*

*रोज काही औषध घेत असाल तर खालच्या वेळा डॉक्टरांना दाखवा आणि कोणती गोळी केव्हा, ते लिहून आणा. संध्याकाळचं जेवण ६:३० ला, न्याहारी सकाळी ८ ला, मध्ये साडेतेरा तास. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर मला फोन करा, काही आसनं आणि कपालभाती तुमच्यासाठी नाहीत.*

*घरी सांगून ठेवा. रोज रात्री ८:३० ते सकाळी ८:४५ मौन असतं. गुरुवारी रात्री ८:३० पासून शनिवारी सकाळी ८:४५ पर्यंत ते सलग आहे. मौनात बोलणं, खुणा, फोन, वाचन नाही. तब्येतीचं काहीही असलं तर लगेच बोला, त्याने मौन मोडत नाही. फोन बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे द्यायचे आणि रोज दुपारी १ ते २ परत मिळतील, शुक्रवार सोडून.*

*दिवस असा: ५:१५ घंटा व गरम पाणी. ५:४५ नेती. ६:१५ आसन-प्राणायाम. ८ न्याहारी. १० तासिका. १२ जेवण. २:४५ गवती चहाचा काढा आणि फळ. ४ आसनं. ६:३० जेवण. ७:४५ ध्यान. ९:३० दिवे बंद.*

*आणा: जाड शाल, कानटोपी, पायमोजे, विजेरी, सैल सुती कपड्यांचे तीन जोड, सतरंजी, पाण्याची बाटली, सात दिवसांची औषधं मूळ पाकिटात, पाळीची शक्यता असेल तर पॅड. नेतीपात्र आम्ही देऊ. अत्तर, बाम, अगरबत्ती आणू नका, प्राणायामात शेजाऱ्याला त्रास होतो. खाऊ खोलीत ठेवला तर माकडं येतात, पण मधुमेह असेल तर ग्लुकोजची पुडी उशाशी हवीच. गुरुवार-शनिवारचा उपास असेल तर कळवा.*

आणि त्याखाली वेगळा, घरच्यांना पाठवायचा:

*मी बुधवार ते रविवार शिबिरात आहे. फोन शिबिरात जमा असेल, तो मला रोज दुपारी १ ते २ मिळेल, शुक्रवार सोडून. गुरुवारी रात्री ८:३० पासून शनिवारी सकाळी ८:४५ पर्यंत मी मौनात असेन. काही तातडीचं असेल तर (तुमच्या यजमानांचा नंबर) वर फोन करा, ते मला लगेच बोलावतील.*

दुसरा, मंगळवारी संध्याकाळी, एवढाच पुरे:

*उद्या दुपारी ४ पर्यंत पोचा. पुण्याहून येताना सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईच्या रस्त्याला लागा, तिथून पुढचा नकाशा सोबत पाठवला आहे. एसटीने येणाऱ्यांनी वाई स्टँडवर उतरून फोन करा, ३:१५ ला आमची गाडी असेल. ५ वाजता जागा दाखवू, ६:३० ला जेवण, ८:३० ला मौन सुरू. उशीर होणार असेल तर ५ च्या आत कळवा, ताट झाकून ठेवू. ८:३० नंतर पोचलात तर घाबरू नका: कुणी बोलणार नाही, पण ओसरीवर दिवा आणि माझे यजमान असतील, ते खोली दाखवतील.*

दोन्ही संदेश पाठवायच्या आधी शिबिराशी काही संबंध नसलेल्या एखाद्या शेजारणीला वाचायला द्या आणि मग संदेश तिच्या हातातून काढून घेऊन विचारा: शुक्रवारी रात्री तुमच्या छातीत दुखलं तर काय कराल? गुरुवारी सकाळची साखरेची गोळी किती वाजता घ्याल? बुधवारी गाडी बंद पडून नऊ वाजले तर कुणाकडे जाल? तिला जे उत्तर देता येणार नाही, ती ओळ परत लिहा. आणि रोजच्या वेळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून प्रत्येक खोलीच्या दाराला आतून चिकटवा, कारण बुधवारी संध्याकाळी संदेश ज्या फोनमध्ये आहे तो फोन तुमच्या कपाटात असणार आहे.